गावाकडची गोष्ट साठ सेकंदांत: खुलभर दुधाच्या कहाणीच्या आधाराने वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लोककथा मोबाइलवर पाहायच्या चित्रफितीसाठी एका मिनिटाच्या निवेदनात कशी बसवावी, याविषयी मला जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात, त्यांतले बहुतेक येथे एकत्र केले आहेत. उत्तरे हवेत राहू नयेत म्हणून सगळीकडे शक्यतो एकच गोष्ट उदाहरणाला घेतली आहे. ती म्हणजे श्रावणी सोमवारची खुलभर दुधाची कहाणी. ती बहुतेकांनी आजीकडून किंवा आईकडून ऐकलेली असते. त्यामुळे काय ठेवले, काय गाळले आणि त्याने काय बिघडले किंवा सुधारले, हे वाचणाऱ्याला स्वतः ताडून पाहता येते.

१. साठ सेकंदांसाठी कोणती गोष्ट निवडावी?

जिच्यात एकच कोडे पडते आणि एकदाच उलगडते, अशी गोष्ट निवडावी. खुलभर दुधाच्या कहाणीत कोडे असे आहे की साऱ्या गावाचे दूध ओतूनही महादेवाचा गाभारा भरत नाही आणि एका म्हातारीच्या थोड्याशा दुधाने तो भरतो. असे का झाले, एवढाच प्रश्न ऐकणाऱ्याच्या मनात राहतो आणि त्याचे उत्तर म्हातारीच्या एका वाक्यात मिळते. पात्रे दोन आहेत, ठिकाण एक आहे आणि मुख्य वस्तूही एकच, ती म्हणजे दूध.

उलट, ज्या कहाणीत नायक घर सोडून निघतो, वाटेत चार जण भेटतात आणि परतताना त्या चौघांची कामे करत येतो, ती गोष्ट कितीही सुंदर असली तरी एका मिनिटात गुदमरते. तिच्यातला एखादा प्रसंग सुटा काढता येत असेल तर तेवढाच सांगावा. परीक्षा सोपी आहे. गोष्ट एका प्रश्नाच्या आणि एका उत्तराच्या रूपात सांगून पाहावी. उत्तर देताना ‘पण त्याआधी असं झालं होतं’ असे दोनदा म्हणावे लागले, तर ती गोष्ट या लांबीची नाही.

२. साठ सेकंदांत किती शब्द बसतात?

शांतपणे गोष्ट सांगण्याच्या वेगात मराठीचे मिनिटाला साधारण ११० शब्द होतात. त्यातून विराम आणि शेवटचे चित्र यांचे मिळून सहा-सात सेकंद वजा केले, की हातात ९५ ते १०० शब्द उरतात. मराठीत विभक्तीचे प्रत्यय शब्दालाच चिकटत असल्यामुळे ‘नातवंडांना’, ‘गाईखाली’ असे लांब शब्द एकेकच मोजले जातात. त्यामुळे शब्दसंख्या हा केवळ अंदाज समजावा. खरे माप घड्याळाचे. कागदावरची संहिता तीन वेळा मोठ्याने वाचावी आणि तिसऱ्या वाचनाला लागलेला वेळ धरावा, कारण पहिल्या वाचनात आपण अडखळतो, दुसऱ्यात घाई करतो आणि तिसऱ्यात आपला खरा वेग सापडतो.

मनातल्या मनात वाचून वेळ मोजू नये. तसे वाचताना ५० सेकंदांत संपलेली गोष्ट माईकपुढे ६५ सेकंदांवर जाते, हा जवळपास प्रत्येकाचा अनुभव आहे.

३. मूळ कहाणीतले काय ठेवायचे आणि काय गाळायचे, हे कसे ठरवावे?

आधी शेवट ठरवावा आणि मग मागे यावे. जे शेवटाला टेकू देते ते राहते. जे देत नाही ते कितीही गोड असले तरी जाते.

मूळ कहाणीत राजाला युक्ती सुचते, तो ती प्रधानाला सांगतो, मग गावात दवंडी पिटली जाते. धाकाने लोक घरात दूध ठेवत नाहीत, मुलांना देत नाहीत, वासरांना पाजत नाहीत. तरीही गाभारा भरत नाही. दुपारी म्हातारी घरचे कामकाज आटोपून, मुलाबाळांना खाऊ घालून, लेकीसुनांना न्हाऊ घालून, गाईवासरांना चारा देऊन, गंध, फुले, तांदळाचे चार दाणे, बेलाची पाने आणि खुलभर दूध घेऊन येते. ती पूजा करून परत फिरते आणि मागे गाभारा भरतो. गुरव हे पाहतो आणि राजाला कळवतो, पण कोणामुळे भरला याचा पत्ता लागत नाही. दुसऱ्या सोमवारी शिपाई बसवूनही शोध लागत नाही, तिसऱ्या सोमवारी राजा स्वतः बसतो आणि म्हातारीचा हात धरतो. ती घाबरते, राजा अभय देतो, ती कारण सांगते. चौथ्या सोमवारी राजा तिच्या सांगण्याप्रमाणे वागतो आणि गाभारा भरतो.

यातला प्रधान गेला तरी काही बिघडत नाही. गुरव आणि शिपाई हे दोन सोमवार लांबवण्यासाठी आहेत. घरात बसून ऐकताना त्या लांबणीतच मजा असते, पण एका मिनिटात तिला जागा नाही. म्हणून पहिले तीन सोमवार एकत्र करून राजाला तिथेच उभा करावा. लोककथेत तीनदा घडणारी गोष्ट छोट्या रूपात दोनदा दाखवली तरी पुरते. पहिल्यांदा नियम कळतो आणि दुसऱ्यांदा तो बदललेला दिसतो.

मात्र एक गोष्ट गाळता येत नाही, ती म्हणजे म्हातारीने आधी मुलांना आणि वासरांना तृप्त केले ही. मी स्वतः पहिल्यांदा ही कहाणी ध्वनिमुद्रित केली तेव्हा नेमके तेच गाळले होते. राजाचे हंडे, म्हातारीचे खुलभर दूध आणि भरलेला गाभारा, एवढेच ठेवले. ऐकून माझ्या आत्याने फोन केला. ‘छान झालंय रे,’ ती म्हणाली, आणि थोडे थांबून तिने विचारले, ‘पण वासरांचं काय झालं?’ त्या एका प्रश्नाने माझी संपूर्ण संहिता चुकीची ठरवली. का, ते पुढच्या उत्तरात सांगितले आहे.

४. ‘थोडंच द्यावं, पण भावानं द्यावं’ हेच या कहाणीचे तात्पर्य नाही का?

हे तात्पर्य सर्वांत जास्त सांगितले जाते आणि माझ्या मते ते कहाणीच्या अर्ध्या भागावरच उभे आहे. म्हातारी भक्तिभावाने दूध वाहते, हे खरेच आहे. पण गाभारा आधी का भरला नाही, याचे जे उत्तर ती राजाला देते, त्यात लोकांच्या भावाविषयी तक्रार नाही. राजाच्या आज्ञेमुळे वासरांचे आणि मुलांचे आत्मे तळमळले, मोठ्या माणसांची हाय माथी आली आणि हे देवाला आवडत नाही, असे ती सांगते. याला उपाय काय, असे राजा विचारतो तेव्हाही ती भक्ती वाढव असे म्हणत नाही. मुलावासरांना दूध पाजावे, घरोघर सगळ्यांनी आनंद करावा आणि मग देवाला पूजावे, असा क्रम ती सांगते.

म्हणजे कहाणीचा मुद्दा किती दिले हा नाही आणि केवळ कोणत्या मनाने दिले हाही नाही. ते कोणाच्या तोंडचे काढून दिले, हा आहे. राजाच्या हंड्यांत भुकेल्या वासरांचा वाटा मिसळलेला होता, म्हणून ते अपुरे पडले. वासरे गाळली की राजा फक्त गर्विष्ठ ठरतो आणि म्हातारी फक्त भाविक. वासरे ठेवली की राजाची आज्ञा हाच दोष ठरतो, आणि अन्यायाने जमवलेले देवालाही पोचत नाही, हा कहाणीचा धारदार अर्थ जागेवर राहतो.

म्हणून तात्पर्य ठरवताना प्रत्येक गोष्टीला एक प्रश्न विचारावा. कोडे उलगडणारे पात्र नेमके कोणते कारण सांगते? तेच तात्पर्य धरावे. आपल्याला सवयीने आठवणारा सुविचार आणि पात्राने सांगितलेले कारण अनेकदा वेगळे असतात.

५. पूर्ण झालेली संहिता कशी दिसते, ते दाखवता येईल का?

खालील संहितेत ९५च्या आसपास शब्द आहेत. निवेदन बोलीच्या वळणाचे असल्यामुळे ‘सगळे’ऐवजी ‘सगळं’, ‘पाजले’ऐवजी ‘पाजलं’ असे लिहिले आहे. वाचताना जे तोंडात येते तेच कागदावर असावे, म्हणजे माईकपुढे अडखळायला होत नाही.

> आटपाट नगरात दवंडी पिटली: सोमवारी घरातलं सगळं दूध देवळात आणा, राजाला महादेवाचा गाभारा भरायचाय.
>
> धाकानं लोकांनी थेंबन्‌थेंब नेला. पाळण्यातली मुलं रडली. दाव्याची वासरं हंबरली. हंडेच्या हंडे ओतले, तरी गाभारा भरेना.
>
> इकडे एका म्हातारीनं आधी नातवंडांना दूध पाजलं. वासराला गाईखाली सोडलं. मग उरलं, ते खुलभर. दुपारी ती देवळात गेली. ‘देवा, एवढंच आहे,’ म्हणाली, आणि ओतलं.
>
> गाभारा काठोकाठ भरला.
>
> राजानं तिचा हात धरला. ‘आजी, साऱ्या गावाच्या दुधानं जे झालं नाही, ते तुझ्या खुलभर दुधानं कसं झालं?’
>
> म्हातारी म्हणाली, ‘राजा, तुझ्या हंड्यांत वासरांचा वाटा होता. माझ्या खुलभर दुधात कुणाचा वाटा नव्हता.’
>
> पुढच्या सोमवारी आधी वासरं प्याली. मग गाभारा भरला.

वेळ साधारण अशी वाटली जाते. ‘गाभारा भरेना’पर्यंत १६-१७ सेकंद जातात. ‘ओतलं’ म्हटल्यावर एक सेकंद थांबायचे आणि मगच ‘गाभारा काठोकाठ भरला’ म्हणायचे. तोवर घड्याळ ३२ सेकंदांवर येते. राजाचा प्रश्न आणि म्हातारीचे उत्तर मिळून ५० सेकंद होतात. ‘कुणाचा वाटा नव्हता’ यानंतर पूर्ण दोन सेकंद शांतता ठेवायची, शेवटची दोन वाक्ये म्हणायची आणि उरलेले तीन-चार सेकंद चित्र बोलू द्यायचे.

‘वाटा’ हा शब्द मूळ कहाणीत याप्रमाणे येत नाही, तो मी घातला आहे. आत्मे तळमळले हे मूळचे शब्द फार सुंदर आहेत, पण पडद्यावर ऐकणाऱ्या नव्या कानाला ते अमूर्त वाटतात. वाटा प्रत्येकाला कळतो, कारण घरात तो रोज पडतो.

६. शेवटी ‘तात्पर्य’ असे म्हणून बोध वेगळा सांगावा का?

सांगू नये. शालेय पुस्तकांमुळे आपल्याला त्याची सवय झाली आहे, परंतु ‘तात्पर्य’ हा शब्द उच्चारला की ऐकणारा गोष्टीबाहेर येतो, आणि मिनिटभराच्या चित्रफितीत त्या क्षणी त्याचे बोट वरही सरकते.

लक्षात राहणारा शेवट दोन पायऱ्यांनी तयार होतो. पहिल्या पायरीवर पात्र कारण बोलते आणि दुसऱ्या पायरीवर गोष्टीत कृती बदललेली दिसते. ‘तुझ्या हंड्यांत वासरांचा वाटा होता’ ही पहिली पायरी झाली. ‘आधी वासरं प्याली. मग गाभारा भरला’ ही दुसरी. या शेवटच्या वाक्यांत उपदेशाचा एकही शब्द नाही, तरी आधी आणि मग या दोन शब्दांत सगळा बोध बसलेला आहे. ऐकणारा तो स्वतः काढतो, आणि स्वतः काढलेला बोध दुसऱ्याला सांगावासा वाटतो.

येथे एक कारागिरीची बाब आहे. शेवटच्या वाक्यातला प्रत्येक महत्त्वाचा शब्द आधी एकदा तरी ऐकणाऱ्याच्या कानावर पडलेला असला पाहिजे. वरच्या संहितेत ‘वासरं’ हा शब्द हंबरताना एकदा येतो, पाजताना पुन्हा येतो, वाट्याच्या वाक्यात येतो आणि मग शेवटी. ‘आधी’ हा शब्द म्हातारीच्या घरात पेरलेला आहे. शेवटात एखादा अगदी नवा शब्द आणला, उदाहरणार्थ ‘करुणा’ किंवा ‘न्याय’, तर तो बाहेरून चिकटवलेला वाटतो, मग तो अर्थाने कितीही बरोबर असो.

७. सुरुवात ‘आटपाट नगर होतं’ अशीच करावी का?

या तीन शब्दांत फार मोठे काम होते, कारण ते कानावर पडताच मराठी माणसाला कळते की आता कहाणी सुरू झाली. तरीही ‘आटपाट नगर होतं, तिथं एक राजा होता, तो मोठा शिवभक्त होता’ इतके म्हणेपर्यंत पाच सेकंद निघून जातात आणि अजून काहीच घडलेले नसते. म्हणून मी ओळख आणि घटना एकाच वाक्यात आणतो. ‘आटपाट नगरात दवंडी पिटली’ या चार शब्दांत कहाणीचा सूर आला आणि गावात काहीतरी घडायलाही लागले. राजा शिवभक्त आहे हे वेगळे सांगावे लागत नाही, कारण त्याला गाभारा भरायचा आहे.

८. ‘ही साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण’ हे ठेवावे का?

या ओळीवर माझा फार जीव आहे. साठ उत्तरांत सांगायची ती कहाणी पाच उत्तरांत सांगून पूर्ण केली, असा तिचा सर्वसाधारणपणे घेतला जाणारा अर्थ आहे. म्हणजे लांब गोष्ट आटोपशीर सांगण्याची परंपरा आपल्या घरात आधीपासूनच आहे, आणि ती आटोपशीर सांगितल्यानेही सुफळ होते, असा विश्वास त्या ओळीत आहे.

ती म्हणायला मात्र चार सेकंद लागतात, आणि प्रश्न ६ मध्ये सांगितलेल्या शेवटानंतर ती आली तर शेवटाची धार थोडी बोथट होते. श्रावणात, कहाणी ऐकण्याची सवय असलेल्या माणसांसाठी चित्रफीत करत असाल तर ती ठेवावी, कारण ते लोक तिची वाट पाहतात आणि ती आली नाही तर गोष्ट अर्धवट राहिल्यासारखे त्यांना वाटते. इतर वेळी ती आवाजात न घेता शेवटच्या चित्रावर लहान अक्षरांत लिहावी. परदेशात वाढणाऱ्या मराठी मुलांसाठी करत असाल तर मी ती आवाजातच ठेवण्याच्या बाजूने आहे, कारण त्यांच्या कानावर ती दुसरीकडून पडण्याची शक्यता कमी असते. तेव्हा चार सेकंद दवंडीच्या भागातून वाचवावेत.

९. निवेदन साठ सेकंदांच्या वर जात आहे. वेग वाढवला तर चालेल का?

ध्वनिफितीचा वेग किंचित वाढवला तर फारसे जाणवत नाही, परंतु दहा टक्क्यांच्या पुढे गेले की विराम आखडतात आणि म्हातारी घाईत असल्यासारखी वाटते. लांबी कमी करायची असेल तर शब्द कमी करावेत. सर्वांत आधी ‘खूप’, ‘अतिशय’, ‘गरीब बिचारी’ यांसारखी विशेषणे काढावीत. मग ‘तेव्हा’, ‘त्यानंतर’, ‘असे म्हणून’ हे सांधे काढावेत, कारण चित्र बदलले की काळ पुढे गेला हे ऐकणाऱ्याला कळतेच. त्यानंतरही जास्त होत असेल तर एक संपूर्ण वाक्य काढावे. सगळ्या वाक्यांतून एकेक शब्द खुडत बसले की निवेदन जुन्या तारेच्या मजकुरासारखे तुटक होते.

साठची मर्यादा सगळीकडे सक्तीची राहिलेली नाही. यूट्यूबच्या शॉर्ट्सची मर्यादा ऑक्टोबर २०२४ मध्ये तीन मिनिटांपर्यंत वाढली. तरीही प्रश्न १ मध्ये सांगितलेल्या प्रकारच्या गोष्टीला मी साठच धरतो. एकाच कोड्याच्या गोष्टीला दोन मिनिटे दिली की मधे भरताड येते.

१०. घरच्या घरी, मोबाइलवर आवाज चांगला कसा घ्यावा?

पंखा बंद करावा, खिडकी लावावी आणि कपड्यांनी भरलेले कपाट उघडून त्याच्यासमोर बसावे. उघड्या भिंतींवरून परतणारा आवाज कपडे शोषून घेतात. मोबाइल तोंडापासून साधारण एक वीत अंतरावर ठेवावा, तोही नेमका समोर न धरता थोडा बाजूला. यामागे मराठीतले एक खास कारण आहे. भ, फ, ख यांसारख्या महाप्राण वर्णांबरोबर तोंडातून हवेचा झोत बाहेर पडतो आणि तो सरळ माईकवर आदळला की ‘फट्’ असा आवाज उमटतो. या कहाणीत ‘गाभारा’, ‘खुलभर’, ‘भरला’ हेच शब्द पुन्हापुन्हा येतात, त्यामुळे समोरून घेतलेली ध्वनिफीत नेमकी महत्त्वाच्या जागी फुटते. कानात हेडफोन घालून फक्त हे तीन शब्द ऐकावेत. ते स्वच्छ असतील तर बाकीचेही बहुधा स्वच्छ असते.

राजा आणि म्हातारी यांचे आवाज काढण्याचा मोह होतो. थरथरता म्हातारा आवाज काढला की ऐकणाऱ्याचे लक्ष आवाजाकडे जाते, वाक्याकडे जात नाही. राजाचे वाक्य किंचित जलद आणि म्हातारीचे किंचित संथ, एवढा फरक पुरेसा आहे.

११. चित्रे किती आणि कशी असावीत?

वरच्या संहितेला सात चित्रे पुरतात, म्हणजे सरासरी एक चित्र आठ-नऊ सेकंद टिकते. ती उभ्या आकाराची, १०८० बाय १९२० मापाची असावीत. मजकूर आणि महत्त्वाची वस्तू खालच्या पाचव्या भागात ठेवू नये, कारण तेथे नाव, वर्णन आणि बटणे येतात.

सर्वांत जास्त विचार ‘खुलभर’ या शब्दाचा करावा. हा शब्द आज अनेकांना माहीत नाही, पण निवेदन थांबवून अर्थ सांगितला तर गोष्ट तुटते. त्याऐवजी तो शब्द उच्चारला जातो त्याच क्षणी म्हातारीच्या हातातले लहानसे भांडे जवळून दाखवावे आणि त्याच्या आधीच्या चित्रात देवळाबाहेर रांगेने ठेवलेले हंडे दिसू द्यावेत. मोठ्यानंतर लहान दिसले की अर्थ डोळ्यांनीच कळतो. शेवटचे चित्र भरलेल्या गाभाऱ्याचे नसावे. गाईला लुचणाऱ्या वासराचे असावे. ‘मग गाभारा भरला’ हे कानाने ऐकताना डोळ्यांसमोर वासरू असते, आणि त्या दोहोंचा संबंध ऐकणारा स्वतः जोडतो.

१२. निवेदन प्रमाण भाषेत करावे की आमच्या बोलीत?

गोष्ट तुम्ही ज्या भाषेत ऐकलीत, त्या भाषेत ती उत्तम सांगता येते. मालवणी, अहिराणी किंवा वऱ्हाडी निवेदन इतर भागांतल्या लोकांनाही कळते, अट एवढीच की कोडे आणि उत्तर यांतले कळीचे शब्द सर्वांना समजणारे असावेत. या कहाणीत दूध, गाभारा, वासरू आणि वाटा हे चार शब्द समजले तर बाकीचे संदर्भाने लागते. जी बोली आपली नाही ती मात्र उसनी घेऊ नये. दोन-चार शब्द बदलून केलेली नक्कल त्या भागातल्या माणसाला पहिल्याच वाक्यात ओळखू येते आणि ती त्याला लागते.

१३. गोष्टीला तात्पर्यच नसेल तर काय करावे?

‘चल रे भोपळ्या टुणुक टुणुक’ घ्या. लेकीकडे निघालेली म्हातारी वाटेतल्या जनावरांना ‘तूपरोटी खाईन, जाडजूड होईन, मग मला खा’ असे सांगून सुटते आणि परतताना भोपळ्यात बसून येते. या गोष्टीची जान बोधात नाही, पालुपदात आहे. तिला ओढूनताणून ‘संकटात युक्ती वापरावी’ असे शेपूट लावले की मुलांचा हिरमोड होतो. अशा गोष्टीत शेवटचे पालुपदच लक्षात राहणारा शेवट ठरते. ते गोष्टीत दोनदा येऊ द्यावे आणि तिसऱ्यांदा अर्ध्यावर सोडावे. ‘म्हातारी-बितारी मला नाही ठाऊक, चल रे भोपळ्या...’ एवढे म्हणून थांबले की ऐकणारे मूल ‘टुणुक टुणुक’ स्वतः म्हणते.

१४. मूळ गोष्टीतला बोध आज पटत नाही. तो बदलावा का?

बदलण्याआधी प्रश्न ४ मधली कसोटी लावून पाहावी, कारण न पटणारा बोध पुष्कळदा गोष्टीचा नसून मागाहून कोणीतरी लावलेला असतो. चिऊकाऊच्या गोष्टीत काऊचे शेणाचे घर पावसात वाहून जाते आणि चिऊ ‘थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालू दे’, ‘थांब, तीट लावू दे’ असे म्हणत दार उघडायला उशीर करते. मोठी माणसे यातून काऊच्या निष्काळजीपणाचा धडा काढतात, पण ऐकणारे मूल पावसात भिजणाऱ्या काऊकडे पाहत असते. गोष्ट तशीच ठेवून फक्त शेवटचे चित्र कोणाचे दाखवायचे एवढे बदलले, तरी बोध बदलतो.

पात्राच्या जातीवरून, व्यंगावरून किंवा बाई असण्यावरून त्याला मिळालेली शिक्षाच गोष्टीचा कणा असेल, तर एका मिनिटात त्या गोष्टीला न्याय देता येत नाही. अशी गोष्ट मी सांगत नाही. घटना बदलून जुन्या नावाखाली वेगळीच गोष्ट सांगणेही मला योग्य वाटत नाही. तसे करायचे असल्यास ‘एका जुन्या गोष्टीवरून’ असे वर्णनात स्पष्ट लिहावे. व्रताच्या कहाणीत हे विशेष पाळावे, कारण ती घरोघर श्रद्धेने वाचली जाते. वरच्या संहितेत सोमवार कमी केले आहेत आणि म्हातारीचे बोलणे माझ्या शब्दांत आहे, हे मी चित्रफितीखाली लिहितो.

१५. लोककथेवर कोणाचा हक्क असतो का? पुस्तकातली गोष्ट घेतली तर चालेल का?

पिढ्यानपिढ्या तोंडी चालत आलेल्या कथानकावर कोणा एकाची मालकी नसते. परंतु एखाद्या लेखकाने ते कथानक आपल्या शब्दांत लिहिले असेल, तर त्या शब्दांवर त्याचा हक्क असतो, आणि भारतीय कायद्यानुसार तो लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. दुर्गा भागवत, सरोजिनी बाबर यांच्यासारख्या अभ्यासकांनी लोकसाहित्य जमवले आहे. गोष्टीचे वेगवेगळे पाठ ताडून पाहण्यासाठी अशी संकलने जरूर वाचावीत, मात्र वाक्ये स्वतःची लिहावीत. त्यासाठी मी वाचून झाल्यावर पुस्तक मिटतो, एक दिवस जाऊ देतो आणि गोष्ट कोणाला तरी तोंडी सांगतो. सांगताना जे आठवते तेवढेच साठ सेकंदांत घेण्यासारखे असते.

पार्श्वसंगीताबाबत अधिक सावध राहावे. ओवी किंवा आरती जुनी असली तरी तिचे एखाद्या गायिकेने केलेले ध्वनिमुद्रण हे वेगळे हक्काचे काम असते आणि तो हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे राहतो. या कहाणीला संगीताची गरजही नाही. हंड्यातून दूध ओतल्याचा आवाज घरी पाणी ओतून घेता येतो, आणि म्हातारीचे दूध ओतताना तोच आवाज अगदी बारीक धारेचा घ्यावा.

१६. आजीने सांगितलेली गोष्ट आणि पुस्तकातली गोष्ट यांत फरक आहे. कोणती खरी मानावी?

दोन्ही खऱ्या आहेत, आणि चित्रफितीसाठी आजीची घ्यावी. एका घरात म्हातारी नातवंडांना पाजते, दुसऱ्या घरात शेजारच्या मुलांनाही पाजते. एका घरात राजा तिचा हात धरतो, दुसऱ्या घरात तो पायऱ्यांवर तिच्याशेजारी बसतो. गोष्टीच्या कोड्याला धक्का लागत नसेल तर असा तपशील आवर्जून ठेवावा आणि तो कोठे ऐकला, त्या गावाचे नाव वर्णनात लिहावे. शक्य असल्यास आधी आजीच्याच आवाजात संपूर्ण गोष्ट, वेळेचे बंधन न घालता, ध्वनिमुद्रित करून जपून ठेवावी. साठ सेकंदांची संहिता त्या ध्वनिफितीवरून लिहावी. तिच्या बोलण्यातले एखादे वाक्य जसेच्या तसे उचलता आले, तर ते म्हातारीच्या तोंडी घालावे.